सायकलचं कटआउट केलं की स्पोकमधलं बॅकग्राउंड का चिकटून राहतं, आणि ते नीट कसं काढायचं

आजकाल फोनमध्येच फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस किंवा वस्तू मागच्या सीनमधून उचलून बाहेर येते, वेबसाइटवर पण एक बटण दाबलं की बॅकग्राउंड गायब. माणूस, कप, बूट, कुत्रा सगळं मस्त निघतं. पण सायकलचा फोटो टाकला की गडबड सुरू. एकतर चाकाच्या आत मागची हिरवी झुडपं तशीच्या तशी राहतात, म्हणजे पांढऱ्या पानावर सायकल ठेवली की दोन चाकांत दोन गोल बागा दिसतात, नाहीतर उलटं होतं, स्पोक सगळे उडून जातात आणि टायरच्या रिकाम्या रिंगा हवेत तरंगतात. चष्मा, कोळ्याचं जाळं, खिडकीची जाळी, बारीक साखळी, सगळ्यांचं हेच. जुनी सायकल विकायला टाकणाऱ्यापासून कॅटलॉगचं काम करणाऱ्यापर्यंत सगळे यात अडकतात आणि बहुतेकांना वाटतं की आपलं ॲप भिकार आहे, दुसरं घेतलं की होईल. कधी कधी होतंही. पण मुळात हे का होतं ते कळलं तर कुठल्या फोटोत काय करायचं हे आपलं आपल्यालाच सुचायला लागतं, म्हणून हा लेख. उदाहरण एकच घेतो, सायकलचं चाक, आणि शेवटी चष्मा आणि जाळं.

आधी एक शब्द: मास्क

कटआउट म्हणजे फोटोला कात्री लावणं असं आपण समजतो, पण आत कात्री वगैरे काही नसते. फोटोच्या मापाचं एक दुसरं काळंपांढरं चित्र बनतं, त्याला मास्क म्हणतात. मास्कमध्ये जिथे पांढरं तिथे मूळ फोटो दिसतो, जिथे काळं तिथे काहीच दिसत नाही, आणि जिथे राखाडी तिथे फोटो अर्धवट पारदर्शक दिसतो. किती पांढरं याला आकडा असतो, 0 ते 1 मधला, त्याला अल्फा म्हणतात. 0 म्हणजे पूर्ण गायब, 1 म्हणजे पूर्ण ठोस. बास, एवढी दोन नावं पुरतात.

मोठ्या गोष्टीला राखाडी फारसं लागत नाही. बूट घ्या, आतला सगळा भाग 1, बाहेरचा सगळा 0, फक्त कडेला एकदोन पिक्सेलचा राखाडी पट्टा. तो चुकला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. स्पोकची गोष्ट वेगळी, कारण स्पोकला आतला भाग जवळजवळ नसतोच, तो सगळा कडाच असतो.

हे आकड्यात बघू. साध्या 12 मेगापिक्सेल फोनचा फोटो साधारण 4000 पिक्सेल रुंद असतो. सायकल असते 1.8 मीटरच्या आसपास लांब, ती फ्रेममध्ये 3600 पिक्सेल व्यापतेय असं धरा, म्हणजे एका मिलिमीटरला 2 पिक्सेल. नेहमीचा 14 गेजचा स्पोक 2 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे फोटोत तो 4 पिक्सेल. त्यातले दोन बाजूचे दोन पिक्सेल अर्धे स्पोकवर अर्धे झुडपावर पडलेले. म्हणजे स्पोकच्या निम्म्या पिक्सेलमध्ये मागच्या झुडपाचा रंग मिसळलेलाच आहे, अजून आपण कशाला हातसुद्धा लावलेला नाही आणि हे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच झालंय.

हा मिसळलेला पिक्सेल म्हणजे दूध घातलेला चहा. त्याला चहा म्हणू की दूध म्हणू हा प्रश्नच चुकीचा, विचारायचं असेल तर किती चहा आणि किती दूध हे विचारा. आणि त्यातही गोम अशी की नुसता कपातला रंग बघून ते सांगता येत नाही, कडक चहात भरपूर दूध असेल तरी तोच रंग आणि फिक्या चहात थोडं दूध असेल तरी तोच रंग. ही गोम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग एका टॅपवाली टूल्स नेमकी कुठे घसरतात?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही वेगवेगळ्या चुका आहेत.

पहिली चूक फोटो लहान करण्याची. ही टूल्स आपला 4000 पिक्सेलचा फोटो जसाच्या तसा बघत नाहीत, तेवढी मेमरी आणि वेळ परवडत नाही, म्हणून आधी तो आक्रसतात. मेटानं एप्रिल 2023 मध्ये जे सेगमेंट एनिथिंग नावाचं एआय मॉडेल काढलं आणि ज्याच्यावर पुढे असंख्य टूल्स बनली, ते फोटोची लांब बाजू 1024 पिक्सेल करतं आणि आतमध्ये मास्क बनवतं तो 256 पिक्सेलचा, मग तो ताणून परत मोठा करतं. आता आपला 4 पिक्सेलचा स्पोक बघा: 1024 ला तो 1 पिक्सेल झाला, 256 ला पाव पिक्सेल. पाव पिक्सेलची वस्तू मास्कमध्ये कशी ठेवणार? बॅकग्राउंड काढायच्या फुकट टूल्समध्ये खूप वापरलं जाणारं यू-टू-नेट तर 320 बाय 320 वर काम करतं, तिथे स्पोक साधारण एक तृतीयांश पिक्सेल. स्पोक उडतात ते इथे.

पण मग चाकात झुडपं का राहतात? फटी तर मोठ्या असतात. रिमपाशी हिशोब करा, घेर साधारण 1950 मिलिमीटर, 36 स्पोक, म्हणजे दोन स्पोकमध्ये 54 मिलिमीटरची मोकळी जागा. 256 च्या मास्कमध्येसुद्धा ती सहासात पिक्सेल येते, तिथे अंधारात चाचपडायची गरज नाही. इथे दुसरी चूक कामाला येते, शिकवणीची. ही मॉडेल्स माणसांनी हातानं आखलेले लाखो फोटो बघून शिकतात आणि आखणाऱ्या माणसाला एका सायकलला मिळतात काही मिनिटं. तो काय करणार, सायकलच्या बाहेरून टिंब टिंब टाकत कुंपण घालणार आणि पुढच्या फोटोवर जाणार. 2014 पासून सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या कोको नावाच्या डेटासेटमध्ये तर वस्तूची नोंदच अशा कुंपणाच्या बिंदूंनी ठेवली जाते आणि त्या नोंदीत आतलं भोक सांगायची सोयच नाही. मॉडेल बिचारं शिकलं की चाक म्हणजे भरीव थाळी. ते चुकत नाहीये, शिकवलं तसंच करतंय.

म्हणून स्पोक उडाले तर समजा फोटो फार आक्रसला गेला, आणि चाकात बाग राहिली तर समजा मॉडेलला फटी शिकवलेल्याच नाहीत. पहिल्या केसमध्ये नुसत्या चाकाचा फोटो क्रॉप करून वेगळा द्या, फरक पडतो, कारण आता तेच चाक जास्त पिक्सेल घेऊन आत जातं. दुसऱ्या केसमध्ये क्रॉप करून काही उपयोग नाही.

पण नव्या मॉडेलना हे जमतं म्हणे?

बऱ्यापैकी जमायला लागलंय हे खरं. 2022 मध्ये डीआयएस-5के नावाचा 5,470 फोटोंचा संच आला, त्यात मुद्दाम खुर्च्या, जाळ्या, सायकली, पूल, असल्याच बारीक गोष्टी अगदी फटीफटीसकट आखलेल्या आहेत, आणि त्याच्यावर शिकलेली मॉडेल्स 1024 बाय 1024 वर चालतात. त्याच लोकांनी मोजायची पद्धतही बदलली आणि मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी मोजायचे क्षेत्रफळ, म्हणजे किती टक्के पिक्सेल बरोबर. आता स्पोकचं क्षेत्रफळ काढा: एक चाक, 36 स्पोक, प्रत्येकी साधारण 290 मिलिमीटर लांब आणि 2 रुंद, रिमच्या आतल्या वर्तुळाच्या जेमतेम सात टक्के. दोन्ही चाकांतले झाडून सगळे स्पोक उडाले तरी सायकलच्या अंगाचे दहाएक टक्केच पिक्सेल जातात, म्हणजे परीक्षेत नव्वदच्या आसपास मार्क आणि सायकल मात्र बघवत नाही. नव्या पद्धतीत मोजतात की हा मास्क दुरुस्त करायला माणसाला अंदाजे किती क्लिक करावे लागतील. एक तुटलेला स्पोक जोडायला जेवढे क्लिक तेवढी चूक. हे आपल्या कामाशी जुळणारं माप आहे.

तरी मर्यादा आहेच. 1024 वर आपला स्पोक 1 पिक्सेल, म्हणजे काठावर पास. जरा लांबून काढलेला फोटो, मागे गवताच्या काड्या, स्पोकच्याच रंगाची राखाडी भिंत, की कोलमडलं. म्हणून हाताची पद्धत माहीत असायलाच हवी, आणि ती वाटते तेवढी अवघड नाही.

हातानं करायचं तर स्पोक नका निवडू, फटी निवडा

सगळे जण स्पोकच्या मागे लागतात, त्याच्या दोन्ही कडांनी लासो फिरवत बसतात, 36 स्पोक म्हणजे 72 कडा, हात थरथरला की स्पोक नागमोडी. त्यापेक्षा उलटा विचार करा. मागचं बॅकग्राउंड एकसारखं असेल, आकाश किंवा पांढरी भिंत, तर फटी सगळ्या एका रंगाच्या आहेत, त्यांना धरा.

मी इथे गिम्प वापरून सांगतो कारण ते फुकट आहे आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं, फोटोशॉपमध्येही हेच सगळं आहे, नावं थोडी वेगळी. फटी धरायला `Select by Color` घेऊन एका फटीवर क्लिक केलं की सगळ्या फटी एकदम पकडल्या जातात, चाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण ही पद्धत कडांना हो-नाही असं उत्तर देते आणि वर आपण बघितलं की स्पोकचे निम्मे पिक्सेल हो-नाहीत बसतच नाहीत. म्हणून मी सिलेक्शनपेक्षा फोटोचाच मास्क बनवतो. निळं आकाश मागे असेल तर `Colors > Components > Decompose` करून निळा भाग वेगळा काढायचा, त्यात आकाश उजळ आणि स्पोक गडद दिसतात, तो उलटा करायचा `Colors > Invert` नं, मग `Colors > Levels` मध्ये काळा स्लायडर एवढा उजवीकडे आणायचा की आकाश पूर्ण काळं होईल आणि पांढरा एवढा डावीकडे की स्पोकचा मधला भाग पूर्ण पांढरा होईल. दोन्ही स्लायडरच्या मध्ये जागा ठेवायची, त्या जागेतच कडेचे राखाडी पिक्सेल जगतात. दोन्ही एकमेकांना चिकटवले की कडा जिन्यासारख्या होतात आणि स्पोक तुटक दिसतो.

एक अडचण येते, चकचकीत स्पोकवर जिथे आकाशाचंच प्रतिबिंब पडलंय तिथे स्पोक पण आकाशाइतकाच उजळ असतो आणि मास्कमध्ये तेवढा तुकडा गायब होतो. ते तुकडे बारीक ब्रशनं पांढरे भरायचे, शिफ्ट दाबून दोन क्लिक केले की सरळ रेघ येते.

मागे झुडपंच असतील तर?

मग रंगाचा नाद सोडा, आकार वापरा. स्पोक सरळ असतो ही देवानं दिलेली सोय आहे. सरळ रेघेला दोन बिंदू पुरतात.

आधी मास्कमध्ये रिमच्या आतलं सगळं काळं करून टाका, म्हणजे चाक पूर्ण पोकळ. मग `Paths` टूल घ्या, एक क्लिक हबपाशी, एक क्लिक रिमपाशी, आणि `Edit > Stroke Path`, रुंदी 4 पिक्सेल, अँटीएलिअसिंग चालू, रंग पांढरा, आणि मास्क सिलेक्ट केलेला आहे ना ते बघून घ्या. एक स्पोक झाला. असे 36. पुढे 32 मागे 40 वाली जुन्या पद्धतीची दणकट सायकल असेल तर 72 रेघा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण झाडाच्या पानातून कडा शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं आणि रिझल्ट स्वच्छ येतो. फोनच्या वाइड लेन्सनं जवळून काढलेल्या फोटोत कडेला स्पोक किंचित वाकलेले असतात, तिथे मध्ये तिसरा बिंदू टाकून पाथ जरासा ओढायचा. रुंदी ठरवताना अंदाज नको, 400 टक्के झूम करून स्पोक खरंच किती पिक्सेलचा आहे ते मोजा.

आता मास्क बरोबर झाला तरी स्पोकच्या कडेला हिरवट झाक राहणार, कारण तो हिरवा रंग मास्कमध्ये नाहीये, मूळ पिक्सेलमध्येच मुरलाय. पांढऱ्या पानावर ठेवलं की स्पोकला शेवाळ लागल्यासारखं दिसतं. यावर महागडे उपाय आहेत पण स्पोकसाठी एक एकदम सोपा आहे: स्पोक स्टीलचा आहे, राखाडी आहे, त्याला रंग हवाय कशाला? मास्कवरून फोटोच्या लेयरवर या, रिमच्या आतलं वर्तुळ निवडा आणि `Colors > Desaturate`. हिरवं गेलं. चाकातला केशरी रिफ्लेक्टर तेवढा निवडीतून वगळा.

फेदर केलं, म्हणजे कड धूसर केली, किंवा एक पिक्सेल आत घेतलं तर चालणार नाही का?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बुटाला, माणसाच्या खांद्याला तो बरोबरही आहे. स्पोकला तो मारक आहे. सिलेक्शन 1 पिक्सेल आत घ्या म्हटलं की ते दोन्ही बाजूंनी 1 आत येतं, 4 चा स्पोक 2 झाला, निम्मा स्पोक गेला. 2 पिक्सेल आत घेतलं तर स्पोकच संपला. फेदर 5 पिक्सेल दिलं तर 4 पिक्सेलच्या रेघेत कुठेच पूर्ण पांढरं उरत नाही, सगळा स्पोक धुरकट पारदर्शक होतो आणि फटीतही बॅकग्राउंडचा धूर पसरतो. म्हणून कडा सुधारायचं कुठलंही टूल सायकलच्या फ्रेमला आणि टायरला वेगळं लावा, स्पोकला लावूच नका. दोन वेगळे मास्क करून शेवटी एकत्र करणं हेच सगळ्यात शहाणपणाचं.

फोटो परत काढता येत असेल तर दोन चादरींची युक्ती

ही माझी सगळ्यात आवडती पद्धत आहे आणि ती कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. चहाच्या कपाची गोम आठवा, एका कपाच्या रंगावरून किती दूध ते कळत नाही. गणिताच्या भाषेत, पिक्सेलमधून आपल्याला लाल हिरवा निळा असे तीन आकडे मिळतात आणि शोधायचे असतात सात: स्पोकचे तीन, बॅकग्राउंडचे तीन आणि अल्फा. तीन समीकरणांत सात अज्ञात, सुटणारच नाही, म्हणून सगळी टूल्स अंदाज बांधतात. पण तीच वस्तू, तीच जागा, तोच प्रकाश ठेवून फक्त मागचा रंग बदलून दोन फोटो काढले तर मात्र उत्तर सरळ निघतं. स्मिथ आणि ब्लिन या दोघांनी 1996 मध्ये हे व्यवस्थित मांडलं. सूत्र एवढंच:

```
α = 1 − (C1 − C2) / (B1 − B2)
```

C1 म्हणजे पांढऱ्या चादरीपुढचा पिक्सेल, C2 म्हणजे काळ्या कापडापुढचा तोच पिक्सेल, B1 आणि B2 म्हणजे नुसती चादर आणि नुसतं कापड. समजा चादर फोटोत 240 आली आणि काळं कापड 20. स्पोकच्या कडेचा एक पिक्सेल पहिल्या फोटोत 180 आहे, दुसऱ्यात 70. फरक 110, चादरींमधला फरक 220, भागाकार अर्धा, अल्फा 0.5. तो पिक्सेल बरोब्बर अर्धा स्पोक आहे, अंदाजपंचे नाही. फटीतला पिक्सेल 240 आणि 20 असणार, अल्फा 0. स्पोकच्या मधला पिक्सेल दोन्ही फोटोत 120, फरक शून्य, अल्फा 1. मागचं बदललं तरी जे बदलत नाही ते ठोस, जे पूर्ण बदलतं ती फट. मॉडेल नको, ट्रेनिंग नको.

करायचं असं. सायकल सावलीत उभी करा, भर उन्हात चादरीवर सावल्या पडतात. फोन ट्रायपॉडवर, नाहीतर स्टुलावर पक्का टेकवून, टायमर लावून, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा नाहीतर काळं कापड आल्यावर फोन आपणहून फोटो उजळवेल आणि सगळं गणित जाईल पाण्यात. चादर सायकलपासून मीटरभर मागे. पांढरीचा फोटो, मग सायकलला धक्का न लावता काळ्याचा फोटो. काळं कापड मांजरपाटासारखं निस्तेज हवं, सॅटिन नको.

गिम्पमध्ये `File > Open as Layers` नं दोन्ही उघडा, वरच्या लेयरचा मोड `Difference` करा, `Layer > New from Visible`. जे नवीन चित्र येईल त्यात फटी उजळ आणि सायकल काळी दिसेल. ते `Desaturate` करून `Invert` करा, आता फटी 35 च्या आसपास आणि स्पोक 255 ला. `Levels` मध्ये काळा स्लायडर 35 ते 40 वर आणा म्हणजे चादरीच्या चुण्यांसकट फटी काळ्या होतील. हे चित्र कॉपी करा, वरच्या लेयरचा मोड परत `Normal` करा, ठेवायचा फोटो सोडून बाकीचे लेयर लपवा, आता काळ्या किंवा पांढऱ्या फोटोच्या लेयरला `Layer > Mask > Add Layer Mask` करून त्यात पेस्ट करून अँकर करा. जिथे चादर पोचलीच नव्हती, म्हणजे कडेची भिंत, खालची जमीन, ती दोन्ही फोटोत सारखीच असल्यामुळे ठोस म्हणून दिसेल, ते मोठ्या ब्रशनं काळं करून टाका, तिथे काही बारीक काम नसतं.

रंग कुठल्या फोटोचे घ्यायचे? सायकल शेवटी पांढऱ्या पानावर जाणार असेल तर पांढऱ्या चादरीच्या फोटोचे, गडद पोस्टरवर जाणार असेल तर काळ्याचे. म्हणजे कडेला जो काही रंग मुरलाय तो नव्या बॅकग्राउंडशी जुळूनच जातो.

मर्यादा पण सांगतो. क्रोमचा चकचकीत स्पोक चादरीचंच प्रतिबिंब दाखवतो, त्यामुळे तो पण थोडा बदलतो आणि अल्फा 1 च्या जागी 0.8 वगैरे येतो, `Levels` चा पांढरा स्लायडर डावीकडे घेऊन ते भरून काढावं लागतं. आणि फोटोतले आकडे खऱ्या उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे राखाडी थोडे इकडेतिकडे होतात. डोळ्याला ते कळत नाही.

चष्म्याचं काय? तिथे तर फटीत काच असते

चष्मा जास्त फसवा आहे. नुसता चष्मा टेबलावर असेल तर दोन चादरींची पद्धत त्याला अगदी चपखल बसते, कारण ती काचेचाही अल्फा काढते, हलक्या रंगाची काच असेल तर मास्कमध्ये तेवढाच फिका राखाडी आपोआप येतो आणि नव्या बॅकग्राउंडवर काच काचेसारखी दिसते, भोकासारखी नाही. फक्त काच मागचं दृश्य वाकवते, ते वाकणं कुठल्याच मास्कमध्ये मावत नाही.

चष्मा घातलेला माणूस असेल तर एकाच काचेत दोन वेगळ्या गोष्टी असतात. काचेतून दिसणारा डोळा आणि गाल, ते ठेवायचे. आणि मायनस नंबर असेल तर काच चेहऱ्याची कड आत ओढून दाखवते, त्यामुळे गालाच्या बाहेर, फ्रेमच्या आत, बॅकग्राउंडची एक चंद्रकोर दिसते. टूलला वाटतं हा चेहऱ्याचाच भाग, चारी बाजूंनी माणूस आहे ना. जास्त नंबरवाल्यांच्या फोटोत हे हमखास होतं. ती चंद्रकोर हातानं मास्कमध्ये काळी करा. तसंच काडी आणि कानशिलाच्या मधली लांबट फट, ती पण नेहमी राहते, आणि पासपोर्ट फोटोसारख्या साध्या कामातही ती लगेच डोळ्यात खुपते.

आणि कोळ्याचं जाळं?

इथे निवडायचा विचारच सोडा. जाळ्याचा ताजा धागा काही मायक्रॉन जाड असतो, आपल्या हिशोबात एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉन. पाच मायक्रॉनचा धागा पिक्सेलचा शंभरावा हिस्सा. तरीही तो दिसतो, कारण मागून उजेड आला की तो चमकतो. म्हणजे तिथे मागचं झाकणारी वस्तू जवळजवळ नाहीच, वरून पडलेला उजेड आहे. आणि उजेडाला कटआउट नसतं, तो मिळवायचा असतो. म्हणून सकाळी मागून ऊन आणि मागे गडद सावली असा फोटो काढा, `Levels` नं बॅकग्राउंड पूर्ण काळं होईपर्यंत खाली ओढा, आणि तो लेयर नव्या चित्रावर `Screen` मोडमध्ये ठेवा. या मोडमध्ये काळं काहीच वाढवत नाही, म्हणजे सगळ्या फटी आपोआप नाहीशा, मास्क केलाच नाही. हे गडद किंवा मध्यम बॅकग्राउंडवरच दिसतं, पांढऱ्या पानावर उजेड मिळवून काय दिसणार. कोपऱ्यातली धुळीनं भरलेली जळमटं मात्र वेगळी, ती खरंच मागचं झाकतात, तिथे परत मास्कवर या.

झालं की नाही कसं ओळखायचं

खाली पांढरा, काळा आणि एक भडक गुलाबी असे तीन लेयर आलटून पालटून ठेवा. पांढऱ्यावर काळपट कडा दिसतात, काळ्यावर उजळ कडा दिसतात, गुलाबीवर फटीत राहिलेला धूर दिसतो, कारण खऱ्या बॅकग्राउंडमध्ये गुलाबी क्वचितच असतो. हबजवळ जिथे स्पोक एकमेकांना ओलांडतात तिथले छोटे त्रिकोण आणि स्पोक रिमला टेकतो ती जागा, चुका बहुतेक इथेच लपतात. फोटो शेवटी केवढा दिसणार ते पण बघा. वेबसाइटवर सायकल 600 पिक्सेलची दिसणार असेल तर स्पोकच साधारण दोन तृतीयांश पिक्सेलचा होतो, मग हबजवळचे त्रिकोण भरलेले राहिले तरी चालतं, पण रिमजवळच्या मोठ्या फटी तिथेही मोकळ्या हव्यातच.

सेव्ह करताना `PNG` करा. `JPEG` मध्ये पारदर्शकता राहतच नाही, आणि `GIF` मध्ये फक्त हो-नाही राहतं, राखाडी सगळे जातात आणि जपून ठेवलेला स्पोक जिन्यासारखा होतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पारदर्शक भाग वाटेतच भरून जातो.